निगेटिव्ह दुप्पट रिझोल्यूशनला स्कॅन करा, मग निम्मी करा

‘जेवढं रिझोल्यूशन हवं तेवढ्यालाच स्कॅन करा, उगाच फाइल फुगवू नका,’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. ३५ मिमीच्या निगेटिव्हसाठी तो चुकीचा आहे. २४०० पीपीआयची फाइल हवी असेल तर ४८०० ला स्कॅन करा आणि नंतर बरोबर निम्मी करा.

स्कॅन करताना १६ बिट टिफ निवडा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद ठेवा. २४ × ३६ मिमीच्या फ्रेमची साधारण ६८०० × ४५०० पिक्सेलची फाइल मिळेल. ती शंभर टक्क्यांवर उघडलीत की मऊ दिसेल. बहुतेक फ्लॅटबेड स्कॅनर खोक्यावर छापलेल्या रिझोल्यूशनच्या आसपासही खरा तपशील देत नाहीत, त्यामुळे कड चार-पाच पिक्सेलवर पसरलेली असते. फाइल निम्मी केली की तीच कड दोन-तीन पिक्सेलमध्ये मावते आणि डोळ्याला धारदार वाटते. शिवाय चार पिक्सेलचा एक होताना प्रत्येकातला यादृच्छिक नॉइज एकमेकांना छेद देतो आणि सरासरीत तो जवळपास निम्मा होतो.

हे निम्मं करणं दिसायला एका क्लिकचं काम आहे, पण माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया गेले. मोठा स्कॅन घ्यायचो, छोटा करायचो, आणि सावलीतल्या काळ्या कोटावरचे ठिपके तसेच्या तसे. वर चष्म्याच्या बारीक फ्रेमला पायऱ्या पडलेल्या. दोष स्कॅनरला देत राहिलो, आणि चूक होती आकार बदलण्याच्या खिडकीत. तिथे इंटरपोलेशनच्या जागी ‘None’ निवडलेलं होतं. या पर्यायात प्रोग्रॅम सरासरी काढतच नाही. चारातला एक पिक्सेल उचलतो, तीन टाकून देतो. मग नॉइज कमी व्हायचा कसा? ‘None’ किंवा ‘Nearest’ असं काही दिसलं तर तिथून हलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ते सुधारल्यावरही एक गोष्ट खटकत होती. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या केसांच्या बारीक बटा निम्म्या आकारात मळकट दिसायच्या. कारण फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. ० आणि २५५ यांची आकड्यांतली सरासरी साधारण १२८ येते. पण निम्मा प्रकाश sRGB मध्ये १८८ च्या जवळ असतो. म्हणजे काळं-पांढरं बारीक मिसळलेलं असेल तिथे साध्या सरासरीने चित्र काळवंडतं. म्हणून आधी सरळ प्रकाशात न्यायचं, तिथे लहान करायचं, मग परत आणायचं. स्कॅन sRGB मध्ये सेव्ह केलेला असेल तर इमेजमॅजिकमध्ये एका ओळीत होतं:

```
magick scan.tif -colorspace RGB -filter Lanczos -resize 50% -colorspace sRGB -depth 16 half.tif
```

कडक कडेच्या बाजूला बारीक काळी किंवा उजळ रेघ उमटली, तर `Lanczos` काढून `Mitchell` घाला. थोडी धार जाते, पण रेघही जाते.

झालं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. गिंपमध्ये हिस्टोग्रामची खिडकी उघडा, सावलीतला एकसारखा सपाट तुकडा निवडा आणि ‘Std dev’ वाचा. मूळ फाइलमध्ये ८ असेल तर छोट्या फाइलच्या त्याच तुकड्यात ४ च्या आसपास यायला हवं. ८ च्या जवळच राहिलं तर सरासरी झालेलीच नाही, आकार बदलण्याची खिडकी पुन्हा तपासा. ६ वर अडकलं तर शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, एवढं नक्की. एकतर स्कॅन जेपीईजी होता, किंवा नॉइज रिडक्शन चालूच राहिलं होतं, किंवा ते ठिपके फिल्मचे दाणे आहेत. दाणा हा फिल्मवरचा खरा आकार आहे आणि तो कित्येक पिक्सेल व्यापतो, म्हणून तो विरतो कमी. स्कॅनरच्या उभ्या पट्ट्याही अशा जात नाहीत.

शार्पनिंग आता करा, आधी नको. अनशार्प मास्कची त्रिज्या ०.६ च्या आसपास आणि मात्रा बेताची. मोठ्या फाइलवर आधी केलंत तर नॉइजही टोकदार होतो आणि निम्मं करून मिळवलेलं बरंचसं परत जातं.

४८०० हे तुमच्या स्कॅनरचं ऑप्टिकल रिझोल्यूशन हवं. यादीत त्याच्या वर ९६०० दिसतं, ते बहुधा सॉफ्टवेअरने रचलेले पिक्सेल असतात. त्यांत नवीन मोजणी नाही, त्यामुळे त्यांची सरासरी काढून नॉइज तसूभरही कमी होत नाही, फक्त स्कॅनला वेळ लागतो.