वॅक सगळ्या प्रकल्पांना एकच लावू नका

कॉर्पोरेट फायनान्समध्ये नव्याने आलेल्यांना भांडवलाचा भारित सरासरी खर्च, म्हणजे वॅक, काढता येतो. तो कुठे लावायचा नाही हे मात्र मीही प्रत्यक्ष कामातच शिकलो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. बाजारमूल्यानुसार तिचं भांडवल 60 टक्के इक्विटी आणि 40 टक्के कर्ज आहे. जोखीममुक्त दर 7 टक्के, बाजाराचं जोखीम अधिमूल्य 6 टक्के आणि बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो त्याचं माप, 1, म्हणून इक्विटीचा खर्च 13 टक्के. कर्ज 9 टक्क्यांनी मिळतं आणि कर 25 टक्के, म्हणून करानंतर ते 6.75 टक्क्यांना पडतं. दोन्हींची भारित सरासरी 10.5 टक्के.

आता ही कंपनी एका नव्या, बऱ्याच चढउताराच्या धंद्यात उतरू पाहते. आज 100 गुंतवायचे, पुढची पाच वर्षं दरवर्षी 28 मिळतील. हे पैसे 10.5 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून 100 वजा केले, की निव्वळ वर्तमान मूल्य जवळपास 4.8 येतं, म्हणजे हिरवा कंदील. पण 10.5 हा जुन्या धंद्याच्या जोखमीचा दर आहे, या प्रकल्पाच्या नव्हे.

अशा वेळी आम्ही त्याच नव्या धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्या शोधायचो. समजा त्यांचा बीटा 1.6 आणि कर्ज इक्विटीच्या एक चतुर्थांश आहे. या बीटामध्ये त्यांच्या कर्जाची जोखीम मिसळलेली असते. ती आधी बाजूला काढायची: 1.6 भागिले (1 + 0.75 × 0.25), म्हणजे साधारण 1.35. मग आपल्या 40:60 च्या प्रमाणात ती परत चढवायची, की बीटा 2.02 होतो. इक्विटीचा खर्च 19.1 टक्के आणि वॅक 14.2 टक्के. याच दराने तोच प्रकल्प उणे 4.3 दाखवतो.

बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतं, "पण या प्रकल्पाला बँक पूर्ण कर्ज देतेय, मग 6.75 टक्केच का धरू नये?" बँक हे कर्ज कंपनीच्या एकूण ताळेबंदाच्या भरवशावर देते. आज ही कर्जक्षमता वापरली, की पुढच्या प्रकल्पाला ती उरत नाही. म्हणून खर्चाचा भार लक्ष्य भांडवल रचनेवरच, म्हणजे कंपनीला कायम ठेवायच्या कर्ज-इक्विटीच्या प्रमाणावरच धरायचा.

एकच दर सर्रास वापरला जातोय हे कसं ओळखायचं? मंजूर प्रकल्पांची यादी विभागवार लावून बघा. सर्वांत बेभरवशाच्या विभागाचेच प्रस्ताव पास होत असतील आणि स्थिर धंद्यातले 9.5 टक्के परतावा देणारे परत जात असतील, तर तिथे हेच चाललंय. त्या स्थिर विभागाचा योग्य दर कदाचित 8.5 टक्केच असेल.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तुलनेच्या कंपन्या तीन-चारच सापडतात आणि त्यांचे बीटा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून मी 14.2 असा नेमका आकडा न देता 13 ते 15.5 असा पट्टा देतो. आपला प्रकल्प 12.4 टक्क्यांच्या आसपास शून्यावर येतो, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकालाही तो तोट्यातच आहे.