कवितेचा शेवट प्रतिमेवर करताय? या चुका टाळा

नव्यानं लिहिणाऱ्यांच्या कविता वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. शेवटच्या ओळीत तात्पर्य सांगू नये, एखादं चित्र ठेवून थांबावं, हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याप्रमाणे चित्र ठेवलेलंही असतं, पण कविता मिटत नाही. पान संपलं म्हणून ती थांबल्यासारखी वाटते. असं का होतं, हे एका खर्ड्यावरून पाहू. खर्डा या लेखासाठीच रचला आहे.

कपाटं गेली, पलंग गेला,
भिंतीवरचं घड्याळ काढलं शेवटी.
खोल्या मोठ्या वाटू लागल्या,
बोललं की आवाज परत येऊ लागला.
माणसं गेली की घरं पोरकी होतात.

शेवटची ओळ खोटी नाही, पण तिनं वाचकाचं काम हिरावून घेतलं आहे. परत येणारा आवाज वाचकानं ऐकला होता आणि त्यातून काय जाणवतं, ते त्याच्यापर्यंत पोचतच होतं. तेवढ्यात कवीनं ते शब्दांत सांगून टाकलं. आपल्या काव्यशास्त्राला हा दोष फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त रसदोष सांगितले, त्यांची सुरुवातच भावना तिच्या नावानं उघड सांगण्यापासून होते. ही चूक दुरुस्त करणं सोपं असतं: ओळ खोडायची. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

कारण ओळ खोडल्यावर पोकळी उरते, आणि ती भरायला हाताशी आलेलं पहिलं सुंदर चित्र उचललं जातं.

बोललं की आवाज परत येऊ लागला.
दूर आभाळात एकटाच पक्षी.

माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि ती सहजी पकडता येत नाही, कारण ओळ वाईट दिसत नाही. पण हा पक्षी आला कुठून? कविता घराच्या आत चालली होती, एकेक वस्तू बाहेर जात होती. पक्ष्याचा त्या हालचालीशी काही संबंध नाही. तो फक्त ‘एकटेपणा’ हा शब्द टाळण्यासाठी आणला आहे, म्हणजे विधानच वेश बदलून आलं. ओळखायची खूण अशी: ही ओळ दुसऱ्या कुठल्याही उदास कवितेच्या शेवटी ठेवून पाहा. ती तिथेही तितकीच शोभत असेल, तर ती या कवितेची नाही.

मग शेवटची प्रतिमा कविता मिटवते ती कशाच्या जोरावर? चित्राच्या सौंदर्यावर नाही. कवितेत आधीपासून काहीतरी चाललेलं असतं, आणि त्या चित्रापाशी ते थांबतं. बालकवींची ‘औदुंबर’ या दृष्टीनं पुन्हा वाचावी. अवघ्या आठ ओळी, त्यात मत कुठेच नाही, आणि शेवट: ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. त्याआधी काय काय घडतं ते पाहा. झरा बेटांमधून वाहतो. पलीकडे टेकडीकडे गाव दिसतं, त्यापुढे मळ्यांची गर्दी. त्यातून पांढरी पायवाट निघते आणि कुरणामधून काळ्या डोहाकडे चालत जाते. आपली नजर या पायवाटेच्या हाताला धरून डोहापर्यंत येते. रंगही बदलत येतात: हिरवा, निळासावळा, पांढरा आणि मग काळा. वाहणं आणि चालणं यांनी भरलेल्या कवितेचं शेवटचं क्रियापद आहे बसणं. वाट संपली, रंग गडद झाला, हालचाल बसली, आणि यमकानं ‘लाटांवर’शी ‘औदुंबर’ जुळवून दार लावलं. त्या झाडाचा अर्थ काय, यावर कितीही बोलता येईल. पण कविता संपली की नाही, अशी शंका येत नाही. अर्थ उघडा राहतो आणि रचना मिटते. प्रतिमेवरच्या शेवटातून मिळणारं समाधान या दोन्ही गोष्टी एकत्र घडण्यातून येतं.

आता खर्ड्याकडे परत येऊ. त्यात काय चाललं आहे? वस्तू जात आहेत, आणि सगळ्यांत शेवटी घड्याळ निघालं आहे. म्हणजे शेवट बाहेर आभाळात शोधायची गरजच नाही. घड्याळ बरीच वर्षं टांगलेलं असेल, तर त्यामागची भिंत बाकीच्या भिंतीइतकी काळवंडलेली नसते.

कपाटं गेली, पलंग गेला,
खोल्या मोठ्या वाटू लागल्या,
बोललं की आवाज परत येऊ लागला.
शेवटी घड्याळ काढलं.
भिंतीवर तेवढाच
पांढरा गोल.

यात दोन बदल केले आहेत. घड्याळाची ओळ दुसऱ्या जागेवरून खाली आणली, कारण शेवट त्याच्यातून निघायचा आहे. पूर्वी ‘शेवटी’ म्हणून झाल्यावरही कविता पुढे चालत होती, ते आता सुटलं. दुसरं म्हणजे, आधीच्या प्रत्येक ओळीत काहीतरी घडतं, क्रियापद आहे. शेवटच्या दोन ओळींत क्रियापदच नाही. हालवण्यासारखं काही उरलं नाही, हे वाक्याच्या रचनेतच येतं. शेवटचा खर्डा अडला की बहुतेक जण फक्त शेवटच्या ओळीशी झटापट करतात. दुरुस्ती मात्र बऱ्याचदा दोन-तीन ओळी वर असते.

इथे हात आवरणं महत्त्वाचं आहे. ‘पांढरा गोल’च्या जागी ‘रिकामा पांढरा गोल’ लिहावंसं वाटेल. लिहू नका. ‘पांढरा’ डोळ्यांना दिसतं, ‘रिकामा’ हा कवीचा अभिप्राय आहे. ‘आठवणींचा पांढरा गोल’ तर त्याहून वाईट: भाववाचक नाम षष्ठी लावून चित्राला चिकटवलं की चित्र दिसेनासं होतं आणि त्याचं भाषांतर तेवढं उरतं. शेवटच्या प्रतिमेतलं प्रत्येक विशेषण एकेक करून तपासावं. डोळ्यांना, कानांना किंवा हाताला जे कळणार नाही, ते काढावं. शेवटी तीन टिंबं देण्याचा मोहही टाळा. टिंबं वाचकाला ‘आता खोल विचार कर’ असं सांगतात, म्हणजे तीही टिप्पणीच. शिवाय थांबलेली हालचाल ती पुन्हा सुरू करतात. साधा पूर्णविराम द्या, किंवा तोही नको.

उलट टोकाची अडचणही येते. पूर्ण कविताच प्रतिमांची असते, ओळीमागून ओळ चित्रं येतात आणि शेवटीही एक चित्र येतं. अशा वेळी ते शेवटचं आहे हे वाचकाला कळायला काहीतरी बदलावं लागतं: ओळीची लांबी, लय, दूरून जवळ येणारी नजर, किंवा आवाजानंतरची शांतता. तपासण्यासाठी शेवटची प्रतिमा उचलून कवितेच्या मध्यावर ठेवा आणि मोठ्यानं वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती जागा शेवटाची नाही.

आणि काही कवितांना हा शेवट चालतच नाही. कविता कुणाला तरी थेट जाब विचारत असेल, वाद घालत असेल, दोन पर्यायांत अडकलेली असेल, तर तिनं उभा केलेला प्रश्न खिडकीच्या हलत्या पडद्यावर सोडून देणं ही पळवाट ठरते. तिथे वाचक उत्तराची, किंवा निदान उत्तर देता येत नाही या स्पष्ट कबुलीची वाट पाहत असतो. अशा कवितेत सरळ विधान करा. ते आधीच्या ओळींतल्या वादातून निघालेलं असेल, तर त्याला तात्पर्य म्हणून कुणी नावं ठेवणार नाही.