उभ्या पात्राचा श्वास आणि पायांवरचा भार : ब्लेंडरमधला आयडल लूप

पात्र काहीच करत नसतानाही त्याचा श्वास चालू हवा आणि शरीराचा भार अधूनमधून एका पायावरून दुसऱ्यावर जायला हवा. दोन्ही हालचालींची लांबी आधीच ठरवा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि शांत माणसाचा श्वास चार सेकंदांचा मानला, तर एक श्वास 96 फ्रेमचा होतो. तीन श्वासांत भार एकदा जाऊन परत येईल, म्हणजे लूप 288 फ्रेमचा.

सुरुवात भारापासून करा, कारण सगळी ठेवण त्यावर उभी राहते. पावलं आयके कंट्रोलने जमिनीला खिळलेली हवीत. पहिल्या फ्रेमला कंबर उजव्या पावलाच्या वर न्या. उजवा कुल्हा वर, डावा खाली, डावा गुडघा सैल. खांदे उलट्या बाजूला कलतात, म्हणजे उजवा खांदा खाली. डोकं जवळजवळ सरळ राहतं. हीच ठेवण 150 व्या फ्रेमला पुन्हा, पण कंबर किंचित सरकवून, नाहीतर पात्र गोठल्यासारखं दिसतं. 180 पर्यंत भार डावीकडे न्या आणि मध्ये, 165 च्या आसपास, कंबर थोडी खाली घ्या. 260 पर्यंत तिथेच ठेवा, 289 ला पहिली ठेवण जशीच्या तशी चिकटवा. उजवीकडचा मुक्काम मुद्दाम लांब ठेवला आहे; दोन्हीकडे सारखा वेळ दिला की पात्र घड्याळाच्या लंबकासारखं डोलतं.

टेकलेला पाय मध्येच झटका देत असेल, तर आयकेचा पाय पूर्ण ताणला गेला आहे. कंबर थोडी खाली घेतली की झटका जातो.

आता श्वास. छातीच्या हाडाचा रोटेशन मोड `XYZ Euler` करा, म्हणजे श्वास आणि खांद्यांचा कल वेगवेगळ्या अक्षांवर राहतील, एकमेकांना पुसणार नाहीत. पुढे-मागे झुकणाऱ्या अक्षावर फक्त एक श्वास की करा : 1 ला रिकामी छाती, 37 ला भरलेली, 85 ला पुन्हा रिकामी, 97 ला तशीच. श्वास घ्यायला कमी वेळ, सोडायला जास्त, मग छोटा विराम. फुगवटा एक-दोन अंशांचाच पुरे. त्याहून जास्त झाला की पात्र धावून आल्यासारखं वाटतं.

खांदे उचलण्याच्या की छातीपेक्षा तीन फ्रेम उशिरा, म्हणजे 4 ते 100, सरकवा. इथेच बरेच लूप बिघडतात : पहिल्या तीन फ्रेम खांदे थिजलेले असतात. यासाठी Graph Editor मध्ये श्वासाचे कर्व्ह निवडा, `Shift+E` दाबा आणि `Make Cyclic` घ्या. कर्व्ह मागे-पुढे आपोआप वळसे घेतो. भाराच्या कर्व्हलाही तेच करा.

प्लेबॅक 1 ते 288 ठेवा. 289 वी फ्रेम पहिलीचीच प्रत आहे. ती चालली तर दर फेरीला एक फ्रेम अडखळल्यासारखी दिसते. गेम इंजिनात पाठवायचं असेल तर आधी बेक करा, कारण `Make Cyclic` ने कर्व्हवर लावलेले मॉडिफायर तिकडे जातीलच असं नाही.