एकाच क्लिपमध्ये उजेड वरखाली होतो? या चुका टाळा

गणपती उठले की आमच्या दांडिया बाजारात माझ्याकडे आरतीच्या क्लिपांची रांग लागते. सगळ्यांची तक्रार एकच: "मधेच काळोखी येते हो, जरा सरळ करून द्या." काळोखी येते त्याचं कारण ठरलेलं असतं. फोन ऑटो एक्स्पोजरवर, आणि आरतीच्या ऐन मध्यात पांढराशुभ्र कुडता घातलेले कोणीतरी काका कॅमेऱ्यासमोरून जातात. फोनला वाटतं उजेड वाढला, तो सगळं चित्र खाली ओढतो. काका गेले की सावकाश परत वर. खोलीतला उजेड तेवढाच असतो, हललेलं असतं फक्त फोनचं एक्स्पोजर. हे कीफ्रेमनं, म्हणजे ठरावीक फ्रेमवर उजेडाचा आकडा नेमून देऊन, चांगलं सरळ होतं, पण लोक ज्या पद्धतीनं करतात ते पाहून जीव जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेहऱ्याकडे बघून उजेड जुळवणं. शेजारच्या एका मुलानं गेल्या गणपतीत हेच केलं. काकूंचा चेहरा कायम सारखा दिसला पाहिजे म्हणून त्यानं दर चारपाच फ्रेमला एक कीफ्रेम टाकली, सगळी नजरेनं. मला म्हणाला, "काका, बघा, आता एकदम स्मूद!" चेहरा होता खरा स्मूद. मागची भिंत मात्र धडधडत होती. कारण काकूंच्या हातात आरतीचं तबक होतं. निरांजन जवळ आलं की चेहरा उजळायचा, लांब गेलं की उतरायचा, आणि हा उजेड खरा होता. पोरानं तो पुसला आणि त्याच्या उलटा झोल भिंतीला दिला. मी सगळ्या कीफ्रेम उडवायला सांगितल्या. दोन दिवस बोलला नाही.

चेहरा हलतो, वळतो, त्याच्यावर दिवा पडतो. मोजायला फ्रेममधली अशी जागा घ्या जी हलत नाही आणि जिच्यावर दिव्याचा उजेड पोचत नाही. भिंतीचा कोपरा, दाराची चौकट, काहीही चालेल, फक्त ती पांढरीफट जळालेली किंवा काळीकुट्ट नको. आणि डोळ्यानं नाही, वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातला उजेड मोजून दाखवणाऱ्या आलेखावर बघा. डोळा उजेडातल्या बदलाला नकळत सरावतो.

दुसरी लाडकी चूक: ब्राइटनेसची पट्टी सरकवणं. एक्स्पोजर कमी होतं म्हणजे सेन्सरवरचा प्रकाश सगळीकडे एकाच पटीत घटतो. ब्राइटनेस किंवा Offset सगळीकडे सारखीच भर घालतं, म्हणून सावल्या दुधाळ होतात आणि काळोखीचा डाग भरून आल्यासारखा दिसतो. गुणाकाराला गुणाकारच हवा. मी डाविंची रिझॉल्व्ह वापरतो. फुकटची आवृत्ती पुरते. Color पानावर पहिल्या नोडवर राइट क्लिक करून Gamma मध्ये Linear निवडतो. आता त्या नोडचा Gain खऱ्या एक्स्पोजरसारखा वागतो: २.०० म्हणजे उजेड दुप्पट, एक स्टॉप वर. हा नोड फक्त एवढ्याच कामाचा. रंगकाम पुढच्या नोडवर, आधी नाही.

त्याच मुलाची क्लिप घेऊ. सेकंदाला ३० फ्रेमची, भिंतीचा कोपरा ० ते १०२३ च्या वेव्हफॉर्मवर ६०० वर. कुडता आत आला तसा २० फ्रेममध्ये तो ४५० वर घसरला, दोनेक सेकंद तिथेच राहिला, आणि परत वर यायला ४५ फ्रेम लागल्या. वेव्हफॉर्मचे आकडे थेट उजेडाच्या पटीत नसतात, म्हणून ४५० चे ६०० करायला Gain साधारण २.०० लागतो, म्हणजे फोननं पुरा एक स्टॉप खाल्ला. अधीर माणूस इथे सुरुवातीला १.०० आणि शेवटी २.०० टाकून मोकळा होतो. पण फोन सरळ रेषेत उतरत नाही. तो आधी जोरात उतरतो, मग रेंगाळतो. दहाव्या फ्रेमला मोजलं तर भिंत ४९० वर होती, तिथे हवा होता १.६३, आणि सरळ रेषा देते १.५०. तेवढ्यानं भिंत ५८० वर पडते आणि बघणाऱ्याला एक लहानसा गचका दिसतो.

म्हणून माझी सवय: आधी दोन टोकं, मग मधली फ्रेम मोजायची, रेषा चुकत असेल तरच तिथे एक कीफ्रेम. मग उरलेल्या अर्ध्यात पुन्हा बघायचं. वीस फ्रेमच्या उताराला चारपाच पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर बहुतेक वेळा मोजण्याची जागा चुकलेली असते. कीफ्रेमच्या पट्टीवर Add Dynamic Keyframe घ्या. Static घेतलीत तर बदल एका फ्रेममध्ये उडी मारतो, आणि मग "सॉफ्टवेअर बिघडलं" म्हणून फोन येतात.

आता खरी अडचण. फोननं उजेड खाल्ला तो कुडत्यासाठी. कुडता ८२० वर नोंदला गेला होता, Gain २.०० केला की तो छताला लागून सपाट पांढरा होतो, घडी दिसेनाशी होते. १.७० ला जेमतेम वाचतो. पण १.७० ला भिंत ५६० वरच येते, म्हणजे डाग थोडा उरतोच.

इथे मी डाग भरत नाही, पसरवतो. काका आत यायच्या दोन सेकंद आधीपासून Gain १.०० वरून हळूहळू ०.८५ वर आणतो. भिंत ६०० वरून ५६० ला येते, आणि ६० फ्रेममध्ये एवढं उतरलेलं कोणाला कळत नाही. मग फोन घसरतो त्या २० फ्रेममध्ये ०.८५ ते १.७०, मधली कीफ्रेम १.३९. भिंत ५६० वर खिळून राहते. काका गेले की याच वाटेनं उलट, आणि शेवटी दोन सेकंदांत परत १.००. डोळ्याला खटकते ती उजेडाची घाई. पातळी थोडी खाली असली तर चालते.

बाकीच्या चुका पटकन. क्लिप तोडून दोन तुकड्यांना वेगळा उजेड देऊन मध्ये डिझॉल्व्ह टाकणं: फ्रेम त्याच असल्यामुळे चालतं, पण रेषा सरळच मिळते. डिफ्लिकर लावणं: ते ट्यूबलाइटच्या लुकलुकीसाठी आणि टाइमलॅप्ससाठी आहे, सावकाश उताराला त्याचा उपयोग नाही. उजेडाबरोबर भिंत पिवळी किंवा निळी होत असेल तर व्हाइट बॅलन्सही हललाय. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणाऱ्या परेडवर बघा आणि त्याच्या कीफ्रेम वेगळ्या नोडवर टाका, एकात कालवू नका. कमी उजेडात पुष्कळ फोन फ्रेमरेट आपोआप बदलतात आणि आवाज सरकतो. तसं असेल तर आधी फ्रेमरेट पक्का करून घ्या, कीफ्रेम टाकल्यावर नाही:

```
ffmpeg -i aarti.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy aarti30.mp4
```

आणि रात्रभर बसण्याआधी एक चाचणी करा. फ्रेममध्ये दोन लांबलांबच्या जागा घ्या, एक कुडत्याजवळची, एक लांबच्या कोपऱ्यातली. दोन्हींना सारख्याच Gain ची गरज असेल तर वरचं सगळं लागू पडतं. एकीला १.४ आणि दुसरीला २.० लागत असेल, तर फोननं चित्राचे भाग वेगवेगळे उजळलेत, हल्लीचे फोन एचडीआरच्या नावाखाली हे सर्रास करतात. तिथे सगळ्या चित्राला एकच Gain देऊन भागत नाही. विंडो काढून कोपरा वेगळा सांभाळावा लागतो, आणि कॅमेरा हातात धरून हलवलेला असेल तर ती विंडो ट्रॅक करावी लागते. अशी क्लिप घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, काका आत यायच्या आधीच कापली तर चालेल का.