स्क्रीनिंगच्या शोधनिबंधातला ‘पाच वर्षांचा’ आकडा कसा तपासावा

कॅन्सर स्क्रीनिंगवरचा शोधनिबंध हातात आला की आधी एकच गोष्ट शोधा: निकाल कशात मांडलाय? ‘स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्यांपैकी इतके टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते’ असं असेल, तर त्यावरून कार्यक्रमाने जीव वाचवले की नाही हे ठरवता येत नाही. ‘सर्व्हायव्हल आणि मृत्युदर दोन्ही पाहा’ हा सल्ला मला पटत नाही. इथे दोघांचं वजन सारखं नाही: सर्व्हायव्हल निदान झालेल्यांपैकी किती जगले ते सांगतं, मृत्युदर गटातल्या सगळ्या माणसांपैकी किती मेले ते, आणि निकाल मृत्युदरावरच ठरतो.

मग घड्याळ कुठून सुरू केलंय ते बघा. एका माणसाला ६४व्या वर्षी लक्षणं दिसली आणि तो ६६व्या वर्षी गेला, तर तो निदानानंतर दोन वर्षं जगला. त्याच माणसाची गाठ स्क्रीनिंगमध्ये ५९व्या वर्षी सापडली आणि तो ६६व्या वर्षीच गेला, तर तो सात वर्षं जगला, म्हणजे पाच वर्षांच्या हिशेबात ‘यशस्वी’ ठरला. प्रत्यक्षात आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, फक्त आजार आधी कळला. हा लीड-टाइम बायस. निदानाच्या तारखेपासून मोजलेल्या प्रत्येक सर्व्हायव्हलमध्ये तो असतोच.

इथवर बहुतेकांना जमतं. अडतं ते लेंग्थ बायसपाशी, म्हणजे संथ वाढणाऱ्या गाठीच स्क्रीनिंगमध्ये जास्त सापडतात त्या झुकावापाशी, आणि मीही तिथेच बराच काळ अडलो होतो. एका निबंधात लेखकांनी लीड-टाइमचा अंदाज काढून तेवढी वर्षं सर्व्हायव्हलमधून वजा केली होती. तरी फरक उरत होता, म्हणून तो खरा फायदा असं मी चर्चेत ठामपणे मांडलं. ते चूक होतं. वजाबाकीने घड्याळ दुरुस्त होतं, पण जाळ्यात कोणत्या गाठी आल्या हे त्याने बदलत नाही.

हे कागदावर करून बघा, नुसतं वाचून पटत नाही. समजा २०० गाठी आहेत. १०० संथ, ज्या लक्षणं येण्याआधी चार वर्षं चाचणीत दिसू शकतात. १०० आक्रमक, ज्या फक्त सहा महिने दिसतात. चाचणी दर दोन वर्षांनी होते आणि दिसण्याजोगी गाठ ती कधीच चुकवत नाही. संथ गाठी सगळ्या सापडतील. आक्रमक मात्र चारातली एकच, म्हणजे २५, कारण चोवीस महिन्यांतले सहाच महिने त्या पकडता येतात. उरलेल्या ७५ दोन चाचण्यांच्या मधे लक्षणं घेऊन येतील. त्यांना इंटरव्हल कॅन्सर म्हणतात.

आता धरून चाला की लवकर सापडल्याने कोणाचंच काही बदलत नाही, लीड-टाइमही शून्य. संथ गाठींचे ९० टक्के आणि आक्रमकचे २० टक्के रुग्ण पाच वर्षं जगतात. स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्या १२५ पैकी ९५ जगले, म्हणजे ७६ टक्के. लक्षणांनी आलेल्या ७५ पैकी १५ जगले, म्हणजे २० टक्के. केवढी तफावत! पण एकूण जगले ११०, आणि स्क्रीनिंग नसतं तरी ११०च जगले असते.

म्हणून ‘स्क्रीनिंगमध्ये सापडलेले विरुद्ध लक्षणांनी आलेले’ असा तक्ता दिसला की त्यावरून निष्कर्ष काढू नका, खाली कितीही ‘दुरुस्ती’ केलेली असो. याचंच टोक म्हणजे ज्या गाठीने कधीच त्रास दिला नसता ती सापडणं, अतिनिदान. असा रुग्ण सर्व्हायव्हलचा आकडा फुगवतोच, वर विनाकारण उपचारही भोगतो.

मग बघायचं काय? यादृच्छिक पद्धतीने वाटलेल्या दोन गटांतल्या सगळ्या माणसांमागे, वाटणीच्या दिवसापासून, त्या कॅन्सरने किती मेले. चाचणीला न आलेलेही आपापल्या गटातच मोजलेले हवेत. सोबत दोन्ही गटांत एकूण किती कॅन्सर सापडले आणि पुढच्या टप्प्यातले किती, हे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.

मेयो लंग प्रोजेक्टवर हे करून बघा. १९७१ मध्ये सुरू झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगवरच्या या प्रयोगात धूम्रपान करणारे सुमारे ९,२०० पुरुष होते. एका गटाला दर चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. दुसऱ्याला वर्षातून एकदा तपासून घ्या एवढा सल्ला. स्क्रीनिंग गटातल्या रुग्णांचं पाच वर्षांचं सर्व्हायव्हल दुपटीहून जास्त निघालं. कॅन्सर सापडले २०६, दुसऱ्या गटात १६०. पुढच्या टप्प्यातले मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू: १२२ आणि ११५. दुसऱ्या गटातल्या अनेकांनी बाहेर एक्स-रे काढले असणार, त्यामुळे छोटासा फायदा झाकला गेला असू शकतो. पण सर्व्हायव्हलने दाखवलेली दुप्पट झेप मृत्यूंमध्ये कुठेच नाही.

खरा फायदा असला की हेच रकाने वेगळे दिसतात. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायलमध्ये ५३,४५४ जण होते, निम्म्यांना कमी मात्रेचा सीटी, निम्म्यांना एक्स-रे. सीटी गटात कॅन्सर जास्त सापडले, पण फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू ३५६, एक्स-रे गटात ४४३. दोन्ही गटांतली माणसं जवळजवळ सारखीच होती, मोजणी वाटणीच्या दिवसापासून होती, त्यामुळे या फरकात लीड-टाइमचा किंवा लेंग्थ बायसचा वाटा नाही.