मामांच्या चेहऱ्यावरचा मोबाईल

लग्नाच्या अल्बमचं काम शिकायला लागलात की पहिल्याच सीझनमध्ये हा फोटो टेबलावर येतो. अंतरपाट नुकताच खाली आलाय, हार गळ्यात पडतोय आणि पुढच्या रांगेतून मोबाईल वर आलेत. माझ्या वाट्याला आलेल्या फोटोत चार होते. दोन नुसते सजावटीवर आलेले, एक कोपऱ्यात, चौथा मात्र नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामांच्या थेट तोंडावर. नवरीच्या आईचा फोन आला, "अहो ताई, आमचा भाऊ कुठाय फोटोत? नुसता फेटाच दिसतोय."

माझी पहिली चूक अशी झाली की फोटोशॉपमध्ये फोटो उघडला आणि लगेच ब्रश घेतला. Content-Aware Fill आजूबाजूचं बघून जागा भरतं. सजावटीवरचे दोन मोबाईल त्याने बरे काढले, पण मामांच्या तोंडाच्या जागी झेंडूच्या माळा आणून बसवल्या. त्याला बिचाऱ्याला काय माहीत तिथे माणूस होता! मोबाईलमागे जे होतं ते त्या फोटोत नसतंच, ते आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये शोधावं लागतं. म्हणून फोटोग्राफरकडून निवडलेले फोटो न घेता त्या दोन मिनिटांचं सगळं कार्ड मागून घ्या, डोळे मिटलेल्या आणि हललेल्या फ्रेमसकट.

मला मामा अकरा फ्रेममध्ये सापडले. एकात इतके छान हसत होते की मी तीच घेतली आणि तासभर घासत बसले. काहीतरी खटकत होतं, कळत नव्हतं काय. शेवटी नाकाची सावली बघितली. व्हिडिओवाल्याचा लाइट त्या फ्रेममध्ये उजवीकडून होता, आमच्या फोटोत डावीकडून. चेहरा आरशासारखा उलटा करून भागलं नसतं, कारण मग फेट्याचा तुरा दुसऱ्या बाजूला गेला असता. ती फ्रेम सोडली. नंतर घेतली ती चार सेकंद आधीची, साध्या चेहऱ्याची. पण लाइट तोच होता आणि नजर नवरीकडे होती.

दोन्ही फ्रेम एकावर एक ठेवून `Edit > Auto-Align Layers` दिलं. मागची सजावट तंतोतंत बसली, मामा मात्र खांद्यात तुटले. मधल्या वेळात फोटोग्राफर एक पाऊल सरकला होता. तो सरकला की पुढची माणसं मागच्या पडद्यापेक्षा जास्त सरकतात, आणि सॉफ्टवेअर मोठ्या नक्षीला, म्हणजे पडद्याला धरून जुळवतं. मग ओपॅसिटी निम्मी करून मी मामांना हाताने हलवलं, फेट्याची कड आणि कॉलर जुळेपर्यंत. त्यांच्यावर काळा मास्क टाकला आणि मऊ पांढऱ्या ब्रशने जेवढं हवं तेवढंच उघडलं.

मास्क मोबाईलच्या कडेवर थांबवू नका. पुढच्या रांगेतला मोबाईल फोकसबाहेर असतो, त्याची धूसर झालर कडेच्या बरीच बाहेर पसरते. ती राहिली की चेहऱ्याभोवती करडं वलय दिसतं. स्क्रीनचा उजेडही विसरू नका. मोबाईल काढला तरी तो धरणाऱ्याच्या गालावर आणि पुढच्या बाईच्या खोप्यावर निळसर झाक उरते. तिच्यासाठी वेगळा लेअर घेऊन ब्लेंडिंग मोड `Color` ठेवायचा, त्याच माणसाच्या न उजळलेल्या त्वचेचा रंग उचलायचा आणि अगदी हलक्या हाताने फिरवायचा.

राहिला हात. मोबाईल गेला तरी मूठ हवेत राहते, काहीही न धरलेली. आमच्याकडचे दादा म्हणाले, "अगं, अक्षता टाकतोय असं दिसेल, राहू दे." दिसलं नाही. अक्षता टाकणाऱ्याची बोटं उघडी असतात, ही आवळलेली होती आणि अंगठा पुढे आलेला. मग हात खांद्यापर्यंत काढला. त्यामागची डोकी दुसऱ्या फ्रेममधून आणली आणि कडेपाशी हीलिंग ब्रशऐवजी Clone Stamp वापरला, कारण हीलिंग ब्रश कडेजवळ शेजारचा रंग ओढून डाग पाडतो.

शेवटी सगळ्यांवर एक Curves लेअर घालून त्याची रेघ नागमोडी, भरपूर वर-खाली करते. फोटो भयानक दिसतो, पण ठिगळं लगेच उघडी पडतात. मामांचा गाल तिथे गुळगुळीत दिसला, बाकी फोटोत आयएसओ 3200 चे दाणे होते. थोडा नॉइज घातल्यावर तो मिसळला. मग लेअर काढून टाकला.

एका मोबाईलमागे कोपऱ्यातली एक आजी होती, ती कुठल्याच फ्रेममध्ये पूर्ण दिसत नव्हती. अर्ध्या चेहऱ्यावरून उरलेला अर्धा मी रंगवू शकले असते, पण घरचे ओळखतात, आणि थोडा जरी फरक पडला तरी "ही कोण?" म्हणून विचारतात. तिथे फोटो बाजूने दोन बोटं कापला आणि आईंना फोनवर तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती शेजारची आहे, चालेल. मामा आले ना?"