बसून बसून ग्लूट्स ‘झोपले’ म्हणून उभं राहताय? या चुका टाळा

लोअर परळच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका ताईंनी उंच टेबल घेतलं आणि अर्धा दिवस उभं राहून काम सुरू केलं. महिनाभरानंतर पोटऱ्या दुखायला लागल्या, कंबर संध्याकाळपर्यंत जड व्हायची, आणि स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना सगळा जोर पूर्वीसारखाच मांडीच्या पुढच्या भागावर यायचा. “उभं राहून ग्लूट्स, म्हणजे नितंबाचे स्नायू, जागे होतात ना?” हा त्यांचा प्रश्न. फिजिओथेरपीत हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच.

उभं राहणं म्हणजे नितंबांचा व्यायाम नव्हे

आत्ता उभे राहा आणि एक हात मागच्या खिशावर ठेवा. लोकलमध्ये पाकिटासाठी ठेवतोच आपण. स्नायू मऊ लागेल. शांत उभं असताना शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, त्यामुळे पोटरीतला सोलियस सतत थोडं काम करत राहतो. पाठीचे स्नायूही थोडे चालू असतात. पण भाराची रेघ नितंबाच्या सांध्याच्या जवळूनच जाते, त्यामुळे ग्लूटियस मॅक्सिमस या मोठ्या स्नायूला जवळपास काहीच करावं लागत नाही. स्नायूंची विद्युत हालचाल मोजली तर तो बसताना गप्प असतो आणि उभं राहतानाही जवळपास गप्पच. म्हणून ताईंच्या पोटऱ्या दमल्या, नितंब नाही.

आता हात तिथेच ठेवून थोडं पुढे वाका, मग सरळ व्हा. किंवा पायरी चढा. स्नायू लगेच कडक होतो. थोडक्यात, तो झोपलेला नसतो. काम आलं की क्षणात हजर होतो, पण दिवसभर काम येतच नाही आणि ताकद घटत जाते. धावत्या गाडीत धक्के सांभाळताना कुशीकडचा ग्लूटियस मीडियस मात्र बऱ्यापैकी राबतो. तेवढ्यापुरती लोकल उंच टेबलाहून बरी म्हणायची!

ताठ बसण्याचा हट्ट

पाठ न टेकता ताठ बसलं की पाठीचे आणि मांडी वर उचलणारे सोआस वगैरे स्नायू काम करतात. नितंब तरीही मोकळेच. पोक काढून बसलं तर पाठीचे स्नायूही सैल पडतात आणि ताण मणक्याच्या लिगामेंटवर जातो. पाठ टेकून बसा आणि दर अर्ध्या तासाने बैठक बदला, एवढं पुरे. खुर्चीवर बसून नितंब आवळत राहायचा सल्लाही फिरतो. सांधा हललाच नाही तर त्या आवळण्याचा पायऱ्यांना फारसा उपयोग होत नाही.

खुर्चीतून उठताना हात टेकणं

ताईंची खरी गोची इथेच होती. त्या हँडलवर जोर देऊन, धड सरळ ठेवून उठायच्या. हातांनी भार घेतला की पायांचं काम कमी होतं, आणि धड सरळ राहिलं की उरलेला भार गुडघ्याकडे, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जातो. आम्ही बदल केला तो असा: खुर्चीच्या पुढच्या कडेला या, हात छातीवर, पाठ सरळ ठेवून नितंबापासून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठा. बसताना ३ सेकंद लावा, धपकन बसू नका. ८ ते १० वेळा, २ फेऱ्या, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी नितंबात हलकी कळ लागली तर जोर जागेवर आला. गुडघाच दुखला तर आणखी पुढे वाका किंवा खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. ताकदीतला फरक जाणवायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात.

स्ट्रेचिंग कंबरेतून करणं

तासन्‌तास नितंबाचा सांधा वाकलेला राहिला की समोरचे स्नायू घट्ट वाटू शकतात. आधी खरंच घट्ट आहेत का ते बघा. पलंगाच्या कडेला उताणे पडून एक गुडघा छातीशी धरा, दुसरा पाय खाली सोडा. सोडलेली मांडी पलंगाच्या पातळीला येत नसेल तर मांडी वर उचलणारे स्नायू आखडलेले असू शकतात. मांडी येते पण गुडघा सरळ होऊ पाहतो, तर घट्टपणा मांडीच्या पुढच्या लांब स्नायूत आहे. दोन्ही ठीक असेल तर स्ट्रेचिंगवर वेळ घालवू नका.

एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसरा पाय पुढे ठेवून ताणताना बहुतेक जण कंबर मागे वाकवतात. मग मांडी पुढे गेल्यासारखी वाटते, पण ताण सगळा कमरेत जातो. मागच्या पायाच्या बाजूचं नितंब आवळा, ओटीपोट बेंबीकडे किंचित वर ओढा आणि मगच पुढे सरका. फार थोडं सरकाल, पण ताण जांघेच्या पुढे लागेल.

कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा जांघेत खोलवर टोचत असेल, तर हे व्यायाम थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.